चौथ्या पानावरची टीप

थेंबकाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. का ठेवलं ते मात्र प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच तासात कळायचं. तोटी लावलेल्या काचेच्या उभ्या नळीतून फ्लास्कमध्ये आम्ल सोडताना बाकीचे लोक थेंब मोजत, काकू अर्धा थेंब मोजत. नळीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब त्या फ्लास्कच्या काठाला हलकेच टेकवायच्या, धुऊन आत घ्यायच्या आणि रंग बदलला की आकडा लिहायच्या. एकोणतीस वर्षं हेच काम. पशुखाद्याच्या कारखान्याला लागून असलेल्या त्या लांबट, दोन खिडक्यांच्या प्रयोगशाळेत पोत्यांमधून नमुने यायचे आणि त्यात प्रथिनं किती हे काकू सांगायच्या. काकूंनी आकडा दिला की कारखान्याचा व्यवस्थापकसुद्धा हुज्जत घालत नसे. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, नाकावर माशी बसू न देता. निदान तसा त्यांचा बेत होता.

तो बेत एका सोमवारी दुपारी उधळला.

काकू त्या दिवशी अर्धी रजा टाकून दाढ काढायला गेल्या होत्या. एकोणतीस वर्षांत दाढेसाठी घेतलेली ही पहिली रजा, आणि नेमकी त्याच दिवशी घडायला हवं होतं. परत आल्या तेव्हा अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचा बोळा. दारातच पाहिलं तर प्रयोगशाळेच्या फरशीवर पाणीच पाणी, दाहक वाफा बाहेर ओढणाऱ्या धुराड्याच्या कपाटाची काच वर सरकवलेली, आत एक फ्लास्क आडवा आणि त्यातून सांडलेल्या निळसर हिरव्या पाण्यावर कुणीतरी सोडा ओतलेला. आपत्कालीन शॉवर अजून ठिबकत होता. फटाफट कुठे आहे हे काकूंना विचारायचं होतं, पण बधिर तोंडातून शब्द धड निघेना. शेवटी शिपायानेच सांगितलं, की ताईंना दवाखान्यात नेलंय, डोळे वाचले, चष्मा होता म्हणून.

फटाफट म्हणजे काकूंची मदतनीस. वय अडतीस, मुलगी शाळेत जायला लागल्यावर दहा वर्षांनी पुन्हा कामावर आलेली, रसायनशास्त्राची पदवीधर, एक वर्षाच्या कंत्राटावर. हातात वेग असा, की काकूंनी चौथ्याच दिवशी तिचं फटाफट असं नाव ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलं. काकू कौतुक करण्यात किती कंजूष आहेत हे ज्यांना माहीत होतं त्यांनी तोंडात बोटं घातली होती.

झालं होतं ते असं. प्रथिनं मोजायची तर नमुना तीव्र गंधकाम्लात दोन-अडीच तास उकळावा लागतो. तपमान पावणेचारशे अंशांच्या आसपास. सगळं जळून विरघळलं की आतलं द्रावण स्वच्छ निळसर हिरवं होतं. मग त्यात पाणी घालायचं, अल्कली घालायची आणि वाफेबरोबर निघणारा अमोनिया पकडून मोजायचा. फटाफटने द्रावण स्वच्छ झाल्यावर नियमाप्रमाणे अर्धा तास आणखी तापवलं, हीटर बंद केला आणि पुढच्या पायरीप्रमाणे पाणी ओतलं. तापलेल्या आम्लात पाणी पडलं की ते तिथल्या तिथे वाफ होतं आणि आम्लाला घेऊन बाहेर उसळतं. तसंच झालं. डावा हात कोपरापर्यंत आणि मानेचा डावा भाग भाजला. बाई शहाणी, किंचाळत न बसता स्वतःच शॉवरखाली जाऊन उभी राहिली आणि डॉक्टर येईपर्यंत हलली नाही, म्हणून निभावलं.

चौकशी मंगळवारीच सुरू झाली. चौकशी म्हणजे दोघं: प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, आणि क्वालिटीसाहेब. क्वालिटीसाहेबांचं खरं काम कागद सांभाळणं. चेहऱ्याने तसा भला माणूस, पण कुठलीही गोष्ट कागदावर असली की ती जगात झाली असं मानणारा. त्यांनी जुनी कार्यपद्धती, म्हणजे काम कसं करायचं ते पायऱ्यापायऱ्यांनी सांगणारा चार पानी कागद, टेबलावर मांडला आणि चौथ्या पानावर तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात पाच टिपा होत्या. तिसरी अशी: पाणी टाकण्यापूर्वी फ्लास्क पुरेसा थंड झाला असल्याची खात्री करावी.

लिहिलेलं होतं, वाचलं नाही, असा साहेबांचा निष्कर्ष. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, की आम्लात पाणी ओतू नये. म्हणजे कामातला निष्काळजीपणा. तसा शेरा नोंदला की कंत्राट वाढायचं नाही, आणि ‘निष्काळजी’ असा शिक्का घेऊन दुसरी कुठली प्रयोगशाळा दारात उभी करायची नाही. हे साहेबांनाही कळत होतं. त्यांना आनंद होत होता असं नाही, पण कागद सांगतो ते सांगतो. शुक्रवारी बैठकीत अहवाल पक्का करायचा होता. तोवर काकूंनी एक काम करायचं, ती टीप ठळक करून नवी प्रत काढायची. तीन दिवस पुरेत ना, म्हणाले.

काकूंनी मान डोलावली. दाढेमुळे बोलता येत नव्हतं हे एक निमित्त झालं. खरं कारण वेगळं होतं. त्या चार पानांच्या तळाशी ‘तयार करणार’ या शब्दांपुढे जी सही होती ती त्यांची स्वतःची होती, अठरा वर्षांपूर्वीची. टिपा पाच वर्षांनी जोडल्या होत्या, बाहेरून तपासायला आलेल्या माणसाने धोक्याच्या सूचना कुठे आहेत असं विचारलं म्हणून. सगळं पुन्हा टंकायला कोण बसणार, शेवटच्या पानावर जागा होती, दिलं चिकटवून. ते आता त्यांना लख्ख आठवत होतं आणि कुणाला सांगण्याची हिंमत होत नव्हती. एकोणतीस वर्षांत कुणी त्यांच्या कामात खोट काढली नव्हती, आणि जाता जाता ती स्वतःच्या हाताने काढून द्यायची, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. नुसती टीप ठळक केली तर कुणी काही विचारणार नव्हतं.

बुधवारी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. फटाफट उशीला टेकून बसली होती, डाव्या हाताला कोपरापर्यंत आणि मानेला पट्ट्या. काकूंना पाहून तिने आधी विचारलं, की त्या दिवशीचे बाकीचे नमुने वाया गेले का. काकूंना तिचा असा राग आला, की रडूच फुटायचं राहिलं. इकडे चामडी सोलवटली आणि ही नमुन्यांची चौकशी करतेय.

मग काकूंनी मनाचा हिय्या करून विचारलं, की टीप वाचली नव्हतीस का.

“वाचली होती काकू. जॉइन झाले तेव्हा चारही पानं वाचली, सही केली. पण पंधराव्या पायरीनंतर लिहिलेलं नवव्या पायरीला कसं आठवणार?”

काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“आणि आम्लात पाणी घालू नये हे मलाही माहीत आहे. पण इथे घालतातच ना? तुम्ही घालताना मी रोज बघितलंय. कागदावरही तेच आहे. मला वाटलं, या कामात ते चालत असेल.”

यात खोटं काही नव्हतं. या एका कामात खरोखरच आम्लात पाणी घालतात, कारण आम्ल फ्लास्कमध्ये आधीच असतं, आणि ते चालतं ते फक्त गार झालेल्या आम्लात, हळूहळू, काठावरून. काकूंनी जाता जाता आणखी एक विचारलं. इतके दिवस आपण दोघी मिळून करायचो तेव्हा कधी असं झालं नाही, मग तू एकटीने वेगळं काय केलंस?

फटाफट विचारात पडली. वेगळं काहीच नाही, म्हणाली. फक्त भांडी आधीच धुऊन ठेवली होती, नमुने उकळत होते तेव्हा. रिकामं बसवत नाही ना. त्यामुळे हीटर बंद केल्यावर करायला काहीच उरलं नव्हतं, सरळ पुढची पायरी घेतली.

काकू दवाखान्याच्या जिन्यात मधल्या वळणावर थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. हीटर बंद केला की एकोणतीस वर्षं त्या वळून मोरीवर जायच्या आणि आदल्या दिवसाच्या काचेच्या भांड्यांचे दोन ट्रे धुवायच्या. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग तीनदा ऊर्ध्वपातित पाणी. पाऊण तास, कधी पन्नास मिनिटं. परत यायच्या तेव्हा फ्लास्क गार झालेले असायचे. फ्लास्क गार करणं ही पायरी त्यांनी कधी केलीच नव्हती, मग लिहिणार कुठून? ती सगळी भांडी धुण्यात लपलेली होती. त्यांच्या हातांना ठाऊक होतं आणि कागदाला नव्हतं. आणि त्या बापडीने चार पैशांची जास्त अक्कल दाखवून वेळ वाचवला, तर तिच्या अंगावर आम्ल उडालं.

घरी आल्या त्या तडक टेबलाशी बसल्या. टीप ठळक करण्याचा विचार आता त्यांना शिसारी आणत होता. कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.

काकूंचे यजमान लेथ मशीनवर बत्तीस वर्षं काढून घरी बसलेले. बोलायला तिरकस, पण आराखडा वाचावा तसा प्रत्येक कागद वाचणारे. त्यांनी कच्चा मसुदा हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि पहिल्याच पानावर अडले. ‘फ्लास्क हाताला सोसेल इतका गार होऊ द्या.’ कुणाच्या हाताला, त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, कुणाच्याही. त्यावर ते म्हणाले, अगं, तू चुलीवरची कढई पक्कड न घेता उतरवतेस, तुझ्या हाताला काय सोसतं ते जगात कुणाला सोसत नाही. आणि तापलेली आहे की गार ते हात लावून बघायचं? ती भाजली ते कमी झालं का?

काकूंनी तोंड वाकडं केलं आणि ओळ खोडली.

मग पुढच्या दोन तासांत त्यांनी ‘पुरेसा’ खोडला, ‘थोडे थोडे’ खोडला, ‘आवश्यकतेनुसार’ तीनदा खोडला. किती, हे विचारल्यावर काकू चिडायच्या, मग आकडा सांगायच्या, कारण आकडा त्यांना नेहमी माहीत असायचा, लिहिलेला मात्र कधी नसायचा. जुन्या कागदात नववी पायरी अशी होती: पाणी टाकून ढवळावे व अल्कली घालून ऊर्ध्वपातन सुरू करावे. यजमानांनी बोटांवर मोजून दाखवलं, की या एका ओळीत चार कामं आहेत, आणि लेथवर असा आराखडा दिला असता तर त्यांनी साहेबाच्या तोंडावर फेकला असता. काकू म्हणाल्या, तुमचे साहेब म्हणून सुखी होते वाटतं. पण चारच्या चार ओळी वेगळ्या केल्या.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत त्यांनी तीन फ्लास्क नियमाप्रमाणे तापवले, हीटर बंद करून धुराड्याच्या कपाटातच काढून ठेवले आणि घड्याळ लावून खुर्चीत बसल्या. मोरीकडे बघितलंही नाही. दुरून तपमान मोजणाऱ्या यंत्राने दर पाच मिनिटांनी आकडा घेतला. सगळ्यात हट्टी फ्लास्क अडतीस मिनिटांनी चाळीस अंशांच्या खाली आला. काकूंनी पंचेचाळीस लिहिलं. मग पाण्याच्या पायरीच्या आधी, नंतर नव्हे, जाड चौकट काढली आणि आत लिहिलं: इशारा. गरम आम्लात पाणी पडले तर ते उसळून बाहेर येते आणि चेहरा, मान व हात भाजतात. पंचेचाळीस मिनिटे झाल्याशिवाय आणि यंत्रावर चाळीसच्या खालचा आकडा दिसल्याशिवाय पाण्याच्या बाटलीला हात लावू नका. आकडा जास्त असेल तर आणखी दहा मिनिटे थांबून पुन्हा मोजा.

संध्याकाळी एकवीस पायऱ्यांची स्वच्छ प्रत तयार झाली. काकूंनी ती तीनदा वाचली. कुठे बोट शिरकवायला जागा नव्हती. शुक्रवारी ही जुन्या प्रतीशेजारी ठेवायची आणि सांगायचं, की बघा, कागदात खोट होती, पोरीत नाही. खोट कुणाची असं विचारलं तर काय बोलायचं हे मात्र त्यांनी ठरवलं नव्हतं. तेवढी फट त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती. विचारलंच नाही तर आपण कशाला सांगा?

शुक्रवारी अकराला बैठक भरली. क्वालिटीसाहेबांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या आणि नवी उत्तम आहे असं मनापासून म्हणाले. पण म्हणून जुनी चुकीची ठरत नाही. सूचना तीतही होती. कार्यपद्धती कितीही चांगली लिहा, कामाला माणूस जागा लागतो. तेव्हा शेरा राहील. मोठ्या मॅडम पेन्सिलशी चाळा करत होत्या.

काकूंनी नवी प्रत साहेबांपुढे सरकवली. त्या म्हणाल्या, साहेब, एकदा नवी करून बघा. तुम्ही स्वतः. म्हणजे फरक कळेल. आम्ल नको, अल्कली नको, सगळीकडे साधं पाणी, फक्त पायऱ्या. साहेबांनी आयुष्यात हे काम हाताने केलं नव्हतं, पण दर वर्षी या पद्धतीला मंजुरीची सही त्यांचीच असायची. नाही कसं म्हणणार? त्यांनी कोट काढला, पांढरा अंगरखा, चष्मा, हातमोजे चढवले. काकू हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभ्या राहिल्या. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

साहेब एकेक पायरी मोठ्याने वाचून करत गेले, उकळण्याचे दोन-अडीच तास झाले असं धरून. हात बिचकत होते, पण अडत नव्हते. इशाऱ्याच्या चौकटीशी आले, वाचली, थांबले, घड्याळाकडे बघून पंचेचाळीस मिनिटं झाली असं धरून पुढे गेले. पाणी काठावरून, मोजून. मग फ्लास्क उपकरणाला जोडला. इथून काम वाफेचं. फ्लास्क उकळतो, वाफ थंडगार नळीतून फिरून पाणी होते आणि पलीकडच्या पकडपात्रात उतरते. नळीचं टोक त्या पात्रातल्या पाण्यात बुडलेलं असतं, म्हणजे वायू निसटत नाही. वीस मिनिटं खदखद चालू राहिली. काकूंचा श्वास जरा मोकळा झाला. मोठ्या मॅडमनीसुद्धा समाधानाने मान हलवली.

“एकोणीस,” साहेबांनी वाचलं. “हीटर बंद करा.” त्यांनी बटण दाबलं.

“वीस. पकडपात्र खाली घ्या. एकवीस...” त्यांनी पात्राभोवती पाहिलं. पात्र स्क्रू फिरवून वर-खाली होणाऱ्या एका ठोकळ्यावर होतं आणि ठोकळा कसा उतरवायचा ते त्यांना कळेना. ते स्क्रू चाचपत राहिले.

नळीत पाणी चढायला लागलं.

आधी बोटभर, मग वीतभर. हीटर बंद झाला, फ्लास्कमधली वाफ निवून आकसली आणि ती पलीकडचं गार पाणी ओढायला लागली. साहेबांचं लक्ष स्क्रूकडे. पाणी वाकणापर्यंत आलं, थंड नळीत शिरलं. आणखी थोडं गेलं असतं की थेट उकळत्या फ्लास्कमध्ये. हे आपण कधी बघितलंच नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एकोणतीस वर्षांत एकदाही नाही.

त्यांनी दोन ढांगांत साहेबांना बाजूला ढकललं, अक्षरशः ढकललं, डाव्या हाताने स्क्रू फिरवून ठोकळा खाली ओढला. टोक पाण्याबाहेर आलं, नळीत हवा शिरली, चढलेलं पाणी गडगडत खाली उतरलं.

आज साधंच पाणी होतं. एरवी त्या फ्लास्कमध्ये खदखदती दाहक अल्कली असते. त्यात गार पाण्याचा लोट गेला असता तर फ्लास्क तडकला असता, आणि पुढे तोंड करून उभा असतो तो माणूस.

काकूंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. उजवा बटणावर जाण्याआधी हा डावा हात दर वेळी, न सांगता, ठोकळा खाली घ्यायचा. आधी पात्र खाली, मग हीटर बंद. क्रम हाताला पाठ होता आणि कागदावर उलटा उतरला होता. तोही जुन्या नव्हे, काल संध्याकाळी तीनदा वाचलेल्या कागदावर.

साहेबांनी घाम पुसला आणि चष्मा काढला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, की बघा काकू, मी हेच म्हणत होतो. कागद कितीही सुधारा, चुका राहतातच. शेवटी काम करणाऱ्याला समज हवी.

आता बोलायचं किंवा कायमचं गप्प बसायचं. काकूंचा आवाज निघाला तेव्हा तो ठाम होता.

“साहेब, तुम्हाला समज नाही का?”

साहेब दचकले.

“तुम्ही शिकलेले, जागे, चष्मा घातलेले. मी लिहिलं तसंच तुम्ही केलंत. अक्षरन् अक्षर. आज यात अल्कली असती आणि तुम्ही भाजला असतात, तर मी काय शेरा लिहायचा होता? निष्काळजी?”

साहेबांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला.

“सोमवारी तिनेही मी लिहिलं तसंच केलं. जुना कागद माझा. गार करायची पायरी मी लिहिलीच नाही, कारण तेवढ्यात मी भांडी धुवायचे. टीप मागाहून चौथ्या पानावर चिकटवली तीही मीच, पुन्हा टंकायचा कंटाळा म्हणून. आणि एक माणूस भाजल्यावर, डोळ्यांत तेल घालून नवा लिहिला, त्यातही तीच चूक केली. माझी चूक मला दोनदा दिसली नाही. ती वाचणाऱ्याला कशी दिसणार?”

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या. लाज वाटत होती, आणि हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम. निवृत्तीच्या कागदावर आता काय लिहिलं जाईल ते जाईल.

मोठ्या मॅडमनी अहवालाचा कागद पुढे ओढला. ‘मूळ कारण’ या रकान्यात साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली आणि पेन काकूंपुढे धरलं. काकूंनी सावकाश लिहिलं: धोक्याची सूचना कृतीच्या आधी नव्हती, थंड करण्याची पायरी लिहिलेली नव्हती, काम करणाऱ्या व्यक्तीने कार्यपद्धतीचे पालन केले. खाली ‘तयार करणार’ लिहून सही केली. साहेब बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन मागून घेतलं, शेजारी ‘न तपासता मंजुरी देणार’ असं लिहिलं आणि आपली सही ठोकली. काकूंना हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

शेवटच्या पायऱ्या तिथल्या तिथे पुन्हा लिहिल्या, आधी इशाऱ्याची चौकट, मग ठोकळ्याचा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तो, मग पात्र खाली, आणि सगळ्यात शेवटी बटण. आणि साहेबांनी एक नियम घातला, की यापुढे कुठलाही नवा कागद, ज्याने ते काम कधी केलेलं नाही अशा माणसाकडून साध्या पाण्यावर करून घेतल्याशिवाय मंजूर व्हायचा नाही. पहिला माणूस अर्थातच ते स्वतः. त्या दुपारी त्यांनी सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा केल्या. काकू भिंतीशी, हात मागे. या वेळी नळीत पाणी चढलं नाही.

चार वाजता काकू अहवालाची प्रत पिशवीत घालून दवाखान्यात गेल्या. फटाफट पट्टी बदलून घेत होती. त्या आठवड्यात ती एकदाही रडली नव्हती, असं परिचारिकेने काकूंना बाहेरच सांगितलं होतं. ड्रेसिंग सोलून काढतानाही नाही. काकूंनी कागद तिच्या उजव्या हातात दिला. तिने मूळ कारणाचा रकाना वाचला. परत वाचला.

“म्हणजे माझी चूक नव्हती?”

“नव्हती.”

ती कागदाकडे बघत राहिली. ओठ थरथरायला लागले.

“सोमवारपासून मी रोज तेच करून बघतेय काकू, मनातल्या मनात. कुठे चुकले ते सापडतच नव्हतं. पुन्हा एकदा म्हणा.”

“तुझी चूक नव्हती,” काकू म्हणाल्या, आणि ती रडायची थांबेपर्यंत म्हणत राहिल्या.